आठवड्याचा आढावा अर्ध्या तासात: कोणते आकडे बघायचे आणि पुढचे व्हिडिओ कसे ठरवायचे?

साखळीवाला

सायकल दुरुस्तीचं यूट्यूब चॅनल चालवतो. ३,१०० सबस्क्रायबर, आठवड्याला दोन व्हिडिओ, नोकरी सांभाळून. अडचण अशी की दर रविवारी "जरा आकडे बघतो" म्हणून यूट्यूब स्टुडिओ उघडतो आणि दोन-अडीच तासांनी डोकं धरून उठतो. पुढच्या आठवड्यात काय करायचं ते तसंच राहतं. मग बुधवारी जे सुचेल ते शूट करतो.

मला फक्त अर्धा तास द्यायचाय. त्यात तीन-चारच आकडे बघायचे आणि उठताना पुढचे दोन विषय कागदावर हवेत. कोणी असं नेमाने करतं का?

शेवटच्या चार व्हिडिओंचे पहिल्या सात दिवसांचे आकडे देतो: व्ह्यूज, थंबनेल किती वेळा दिसलं ते म्हणजे इम्प्रेशन्स, आणि दिसल्यावर किती टक्के वेळा दाबलं गेलं ते म्हणजे सीटीआर.

चेन सतत का निसटते: व्ह्यूज ६४०, इम्प्रेशन्स ९,२००, सीटीआर ४.१ टक्के.
डिस्क ब्रेकचा किरकिर आवाज: ४१०, ३,१००, ७.९ टक्के.
सायकल घेताना फ्रेमचा साइज: १,६००, ४१,०००, ३.२ टक्के.
माझं दुरुस्तीचं टेबल: २१०, ५,६००, २.४ टक्के.

माझा कल सरळ आहे. फ्रेम साइजवाला चालला, तर आता "सायकल घेताना" अशी चार भागांची मालिकाच काढावी. बरोबर ना?

आडवळणी

अर्ध्या तासात व्हिडिओ बनवायचा असेल तर स्क्रिप्ट लिहू नका. मुद्द्यांची चिठ्ठी कॅमेऱ्याच्या खाली चिकटवा आणि एका दमात बोला. मी तसंच करतो. एडिटिंगही वाचतं.

साखळीवाला

दादा, व्हिडिओ अर्ध्या तासात नाही, आढावा अर्ध्या तासात. पण चिठ्ठीची युक्ती ठेवून घेतो.

निवांत

आकडा एकच बघायचा, सीटीआर. ५ च्या खाली गेला की ४८ तासांत थंबनेल बदला, तरी हलला नाही तर शीर्षक बदला. तुमचे चारपैकी तीन खाली आहेत. ब्रेकवाला ७.९ म्हणजे तुमचं सोनं तिथे आहे. ब्रेकवरच मालिका काढा. फ्रेम साइजवाला ३.२ आहे, तो नुसता नशिबाने चालला.

मेघना_ब

मी गेली काही वर्षं दुसऱ्यांच्या चॅनलचं एडिटिंग आणि नियोजन बघते. निवांत, थंबनेल आणि शीर्षक या दोन्ही गोष्टी व्हिडिओ टाकल्यावरही बदलता येतात, त्यामुळे तिथे लक्ष द्यायचं हे अगदी बरोबर. पण ५ ची रेघ कुठून आली? यूट्यूबच्याच मदतपानावर लिहिलंय की निम्म्या चॅनल-व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो. एवढ्या मोठ्या पट्ट्यात सगळ्यांसाठी एक रेघ मारता येत नाही.

शिवाय सीटीआर एकटा काही बोलत नाही. व्हिडिओ कोणासमोर मांडला गेला, यावर तो ठरतो. सर्चमध्ये "डिस्क ब्रेक आवाज" टाइप करणारा माणूस आधीच त्या आवाजाने वैतागलेला असतो. त्याला तुमचं थंबनेल दिसलं की तो दाबणारच. होमपेजवर अंगठा फिरवणाऱ्याने काहीच मागितलेलं नसतं, तिथे १०० पैकी तीन जणांनी दाबलं तरी वाईट नाही. यूट्यूब एखादा व्हिडिओ ओळखीच्या प्रेक्षकांपलीकडे न्यायला लागलं की इम्प्रेशन्स वाढतात आणि सीटीआर उतरतो. त्या उतरणीला घाबरून थंबनेल बदललं तर चालणारी गाडी आपणच थांबवतो.

साखळीवाला, चारही व्हिडिओंचे ट्रॅफिक सोर्स बघून सांगा. आणि पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के लोक टिकले तेही. रिटेन्शनच्या आलेखापाशीच तो आकडा मिळतो.

साखळीवाला

ताई, बघितलं. फ्रेम साइज: जवळजवळ ७० टक्के होमपेजवरून, ३० सेकंदांना ५२ टक्के. ब्रेक: ६० टक्क्यांच्या वर सर्च, ३० सेकंदांना ७४. चेन: सर्च आणि सजेस्टेड निम्मेनिम्मे, ७१. टेबल: बहुतेक आपलेच सबस्क्रायबर, ६३.

आणखी एक शंका. चेनच्या ९,२०० इम्प्रेशन्सचे ४.१ टक्के काढले तर ३७७ येतात. मग व्ह्यूज ६४० कसे?

मेघना_ब

थंबनेल यूट्यूबच्या आत, निम्मं तरी दिसेल असं आणि एका सेकंदाहून जास्त वेळ समोर आलं तरच ते इम्प्रेशन धरलं जातं. नोटिफिकेशन दाबून आलेले, ग्रुपवरच्या लिंकवरून आलेले, दुसऱ्या व्हिडिओच्या एंड स्क्रीनवरून आलेले यांचे व्ह्यूज मोजले जातात, पण इम्प्रेशन नाही. तुम्ही लिंक कुठे टाकली होती का?

साखळीवाला

हो, दोन सायकलवाल्यांच्या ग्रुपवर. उलगडा झाला.

मेघना_ब

आता अर्ध्या तासाचं सांगते. मी कसं करते ते सांगते, हाच एक मार्ग आहे असं नाही.

पहिली अट: कालचा व्हिडिओ आढाव्यात घ्यायचाच नाही. स्टुडिओत आकडे पूर्ण यायला एखाद-दोन दिवस लागतात, आणि त्यांचा दिवस पॅसिफिक वेळेनुसार बदलतो, आपल्या मध्यरात्री नाही. म्हणून मी फक्त नऊ दिवस उलटून गेलेले व्हिडिओ घेते आणि प्रत्येकाचे पहिल्या सात दिवसांचेच आकडे लिहिते. एक व्हिडिओ तीन दिवसांचा आणि दुसरा तीन आठवड्यांचा, अशांची तुलना करून काहीच हाती लागत नाही. तुमचे अडीच तास बहुधा तिथेच जातात.

पहिली आठ मिनिटं वहीची, म्हणजे शीटची. एका व्हिडिओला एक ओळ. सात दिवसांचे व्ह्यूज, मुख्य सोर्स आणि सीटीआर शेजारीशेजारी, ३० सेकंदांची टक्केवारी. आणि एक गुणोत्तर: हा व्हिडिओ माझ्या आधीच्या दहा व्हिडिओंच्या मानाने कसा. त्यासाठी सरासरी घेऊ नका. एखादाच १,६०० वाला सरासरी वर ओढतो आणि मग बाकीचे सगळे नापास दिसतात. मध्यक घ्या. व्ह्यूज बी स्तंभात असतील आणि नवा व्हिडिओ बाराव्या ओळीत असेल तर

```
=B12/MEDIAN(B2:B11)
```

१ म्हणजे नेहमीसारखा. ०.७ ते १.५ च्या मधल्या व्हिडिओंबद्दल मी विचारच करत नाही, ते तसेच सोडून देते. वेळ खरा इथेच वाचतो.

पुढची बारा मिनिटं फक्त दोन व्हिडिओंची: सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा. त्यांचा रिटेन्शनचा आलेख उघडायचा आणि जिथे कडा तुटतो किंवा उंचवटा येतो, तिथला व्हिडिओ स्वतः चालवून बघायचा. आलेख नुसता पाहिला तर काही कळत नाही, त्या सेकंदाला पडद्यावर काय चाललंय ते बघावं लागतं.

मग पाच मिनिटं सर्चचे शब्द आणि कमेंट्स. उरलेल्या पाच मिनिटांत दोन ओळी लिहायच्या: पुढच्या आठवड्यात काय, का, आणि गुणोत्तर किती येईल असा अंदाज. अंदाज लिहिला नाही तर दोन आठवड्यांनी "मला वाटलंच होतं" म्हणायची सोय राहते.

वर्गमूळ

मी गणित शिकवतो, चॅनल छोटंसं आहे. एक भर घालतो, कारण छोट्या चॅनलवाले टक्केवारीत फसतात. समजा ६०० इम्प्रेशन्स आणि ४ टक्के सीटीआर, म्हणजे २४ क्लिक. २४ चं वर्गमूळ सुमारे ५. म्हणजे काहीही न बदलता तोच व्हिडिओ पुन्हा ६०० वेळा दाखवला असता तर १९ किंवा २९ क्लिकही सहज आल्या असत्या, म्हणजे ३.२ ते ४.८ टक्के. अधूनमधून तर त्याच्याही बाहेर. "थंबनेल बदललं आणि ३.५ चा ४.३ झाला" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, क्लिक किती? शंभरच्या आत असतील तर मी ते मनावर घेत नाही.

साखळीवाल्यांच्या फ्रेम साइजला १,३०० च्या आसपास क्लिक आहेत, तिथला ३.२ पक्का समजा. टेबलवाल्याला १३० च्या आसपास, तोही साधारण विश्वासाचा.

निवांत

वर्गमूळ, पटलं. पण टेबलवाल्याचं थंबनेल तरी बदलायला सांगा की! स्वतःचे सबस्क्रायबर समोर असताना २.४ म्हणजे आपलीच माणसं दार उघडत नाहीत.

मेघना_ब

इथे तुम्ही बरोबर आहात. ओळखीच्या प्रेक्षकांत सीटीआर पडला आणि आत आलेले ६३ टक्के तीस सेकंदांनंतरही टिकले, तर आतला माल ठीक आहे, पाटी चुकली. शीर्षक "माझं दुरुस्तीचं टेबल" आहे. त्यात बघणाऱ्याला काय मिळणार? स्टुडिओतच तीन थंबनेलची चाचणी लावता येते, ती लावा. फक्त लक्षात ठेवा, तिथला विजेता सीटीआरवर ठरत नाही, कोणत्या थंबनेलने जास्त वॉच टाइम आणला त्यावर ठरतो. आणि छोट्या चॅनलवर ती बऱ्याचदा निकालाविनाच संपते, वर्गमूळ म्हणतात त्याच कारणाने.

शिवणवेडी

माझंही सांगते. माझ्या शॉर्ट्सना २२,००० व्ह्यूज येतात आणि मोठ्या व्हिडिओंना ३००. तुमच्या गुणोत्तराने माझे सगळे मोठे व्हिडिओ ०.०१ येतात! मग शॉर्ट्सच करू का?

मेघना_ब

ताई, दोन्ही एका शीटमध्ये घालू नका. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किती बघितला याची अट नाही. पुन्हा फिरून चालला की पुन्हा एक. त्याची मोठ्या व्हिडिओच्या व्ह्यूशी बरोबरीच होत नाही. शॉर्ट्ससाठी वेगळी शीट करा. त्यात एंगेज्ड व्ह्यूज लिहा, आणि समोर आल्यावर किती जण थांबले, किती जणांनी वर सरकवला, तो आकडा.

शिवणवेडी

बरं, करते. पण सात दिवसांच्या नियमाला माझा विरोध आहे. "पँटची चेन कशी बदलायची" हा माझा व्हिडिओ पहिल्या आठवड्यात अगदीच पडला होता. तुमच्या हिशोबाने ०.६ वगैरे असेल. तेव्हा मी तो विषयच सोडून दिला असता. पाच महिन्यांनी तोच चॅनलवरचा सगळ्यात मोठा झाला, सगळा सर्चमधून. चेन तुटल्यावरच माणूस शोधतो, मी व्हिडिओ टाकला त्या आठवड्यात नाही.

मेघना_ब

हे खरं आहे, आणि माझ्या पद्धतीतलं दुबळं ठिकाण हेच. सर्चवाल्या व्हिडिओंची मी २८ दिवसांनी दुसऱ्यांदा नोंद करते. महिन्यातून एकदा आढाव्याची दहा मिनिटं त्यात जातात. पण तुमचा व्हिडिओ २८ दिवसांतही उठला नसेल तर माझ्याकडे उत्तर नाही. सर्चचे विषय पहिल्या आठवड्यावरून सोडायचे नाहीत, एवढंच म्हणेन.

साखळीवाला

काल रात्री घड्याळ लावून बसलो. पन्नास मिनिटं लागली, पण काहीतरी हाती लागलं.

माझ्या आधीच्या दहांचा मध्यक ४२० आला. म्हणजे चेन १.५, ब्रेक १.०, फ्रेम ३.८, टेबल ०.५. मेघनाताईंनी सांगितलं तसे फ्रेम आणि टेबल, दोघांचेच आलेख उघडले.

फ्रेमवाल्यात पहिल्या चाळीस सेकंदांतच निम्मे लोक गेले. चालवून बघितलं तर मी तिथे काय करतोय? "आज आपण बघणार आहोत की..." म्हणत पुढे काय काय येणार त्याची यादी वाचतोय, मागे सायकल नुसती उभी. स्वतःचं मलाच बघवेना. मग आलेख सपाट चालतो आणि ४:२० ला अचानक उंचवटा. तिथे मी अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभा राहतो, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक वर दाबून धरतो आणि मुलगा जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावतो. पायाच्या आतल्या बाजूची उंची मोजायची ती पद्धत. पंधरा सेकंदांचा तुकडा. लोक मागे नेऊन पुन्हा बघतायत. कमेंट्समध्येही "माझी उंची इतकी, कोणता साइज" असेच प्रश्न.

म्हणजे "सायकल घेताना" हा विषय चाललाच नव्हता बहुतेक. लोकांना पुस्तक आणि टेप हवी होती.

ब्रेकवाल्याच्या सर्च शब्दांत "तेल लागलं", "ओल्यात आवाज" असं बरंच होतं. तर पुढच्या आठवड्याचं ठरलं: एक, फ्रेम साइज घरी कसा मोजायचा, पहिल्या सेकंदाला पुस्तक आणि टेप. अंदाज १.२. दोन, ब्रेक पॅडला तेल लागलं तर काय करायचं. अंदाज ०.८, सर्चवर सोडून. चार भागांची मालिका रद्द.

निवांत

३.८ वाला विषय हातात असताना मालिका रद्द? यूट्यूब ढकलतंय तेव्हा लागोपाठ द्यायचं असतं. मोठी चॅनल असंच करतात.

मेघना_ब

मोठ्या चॅनलला त्याच विषयाचे परत येणारे प्रेक्षक असतात. इथे ४८ टक्के लोक अर्ध्या मिनिटात उठून गेलेत, त्यांच्यासाठी दुसरा भाग काढून उपयोग काय? पण निवांत म्हणतात त्याची चाचणी होऊ शकते. मोजमापाचा व्हिडिओ होमपेजवर गेला आणि टिकला, तर मालिकेचा विचार करा.

वर्गमूळ

एकच उंचवटा बघून विषय ठरवणं मलाही थोडं घाईचं वाटतं. पण कमेंट्सही तेच सांगतायत, म्हणून गप्प बसतो.

साखळीवाला

तीन आठवड्यांनी परत आलो.

मोजमापाचा व्हिडिओ: गुणोत्तर ०.८. अंदाज १.२ होता, चुकला. होमपेजवरून फार थोडे आले. पण ३० सेकंदांना ६८ टक्के, आधी ५२ होते, आणि शेवटपर्यंत कडा कुठेच तुटत नाही. ब्रेक-तेलवाला ०.७, जवळजवळ सगळा सर्च, रोज थोडेथोडे येतायत, २८ दिवसांनी बघेन. टेबलचं शीर्षक "छोट्या खोलीत सायकल उभी करून दुरुस्त करायची जागा" केलं. थंबनेलची चाचणी निकालाविनाच संपली, ताईंचं भाकीत खरं ठरलं.

आढाव्याला आता पस्तीस मिनिटं लागतात. पाच मिनिटं कमेंट्सना उत्तरं देण्यात जातात, ते थांबवता येत नाही.

निवांत

म्हणजे ३.८ वरून ०.८. मी काही बोलत नाही.

मेघना_ब

बोला की. मलाही नेमकं कारण सांगता येत नाही. माझा संशय शीर्षकावर आहे. "घरी कसा मोजायचा" हे शोधणाऱ्याचं शीर्षक आहे, होमपेजवर थांबणाऱ्याचं नाही. "सायकल घेताना फ्रेमचा साइज" ऐकून सायकल न घेणाराही थांबतो. आतला व्हिडिओ आता टिकतोय, तर फक्त पाटी बदलून दोन आठवडे ठेवा. दुसरं काही हलवू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

साखळीवाला

"तुमची सायकल तुमच्या मापाची आहे का?" असं केलं तर?

शिवणवेडी

हे मी दाबेन. आणि मी सायकल चालवत नाही.

साखळीवाला

लावतो. अंदाज वहीत लिहिलाय, इथे सांगत नाही.

आडवळणी

ते पुस्तक कुठलं होतं? जाड लागतं का कुठलंही चालतं?

साखळीवाला

दादा, कुठलंही कडक पुठ्ठ्याचं. मात्र वरची कड जमिनीला समांतर धरा, तिरकी झाली की माप चुकतं. हाच प्रश्न कमेंट्समध्ये अकरा जणांनी विचारलाय. रविवारच्या आढाव्यात तो सगळ्यात वर घेतोय.